आयएसओ २७००१ की निस्ट? जळगावच्या एका छोट्या कंपनीचा प्रश्न

प्रश्न : जळगावात आमची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी आहे. १८ जण जळगावच्या ऑफिसात आणि ४ जण धुळ्याला बसतात. पतसंस्थांच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर आम्ही बनवतो आणि सांभाळतो. साठेक संस्थांचा डेटा आम्ही भाड्याने घेतलेल्या क्लाउड सर्व्हरवर आहे. आता पुण्याच्या एका सहकारी बँकेचे काम मिळण्याच्या बेतात आहे, पण त्यांच्या करारात आयएसओ २७००१ प्रमाणपत्राची अट आहे. त्याच सुमारास एका अमेरिकी कंपनीने, निस्टच्या चौकटीप्रमाणे तुमची तयारी किती, अशी लांबलचक प्रश्नावली पाठवली. आमचे सल्लागार म्हणतात, ‘दोन्ही सर्टिफिकेटं सहा महिन्यांत काढून देतो. फक्त धुळ्याचं ऑफिस वगळा, खर्च कमी होईल.’ या दोन्हींत फरक काय? आधी कोणते हाती घ्यावे? आणि धुळे खरेच वगळावे का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : सल्लागारांच्या बोलण्यातली एक गोष्ट आधीच बाजूला काढू. निस्टच्या चौकटीचे अधिकृत प्रमाणपत्र नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. निस्ट ही अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची मोजमापे आणि मानके ठरवणारी संस्था आहे. अध्यक्ष ओबामांच्या २०१३च्या आदेशानंतर वीज, पाणी, बँका अशा मोठ्या यंत्रणांसाठी तिने सायबर सुरक्षेची एक चौकट तयार केली. पहिली आवृत्ती फेब्रुवारी २०१४मध्ये आली. सध्याची २.० ही आवृत्ती फेब्रुवारी २०२४ची असून ती लहानमोठ्या कुणालाही वापरता यावी अशा बेताने लिहिली आहे. ती फुकट डाउनलोड करता येते. पण तिच्या आधारे कंपन्यांना प्रमाणपत्र देण्याचा उद्योग निस्ट करत नाही आणि दुसऱ्या कुणाला तसा अधिकारही देत नाही. तुमचे सल्लागार फार तर स्वतःच्या लेटरहेडवर ‘आम्ही तपासले, ठीक आहे’ असा अहवाल देतील. त्याची किंमत त्यांच्या नावाइतकीच.

आयएसओ २७००१चे तसे नाही. ब्रिटनच्या बीएस ७७९९ या मानकातून ते उगवले, २००५मध्ये आंतरराष्ट्रीय झाले आणि २०१३ व २०२२मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. प्रमाणपत्र आयएसओ ही संस्था स्वतः देत नाही, त्यासाठी स्वतंत्र प्रमाणन संस्था असतात. त्या संस्थांची पात्रता तपासणारी मान्यता मंडळे असतात, आपल्याकडे एनएबीसीबी हे तसे मंडळ. म्हणजे तुमच्यावर तपासनीस आणि त्या तपासनिसावर आणखी एक तपासनीस, अशी ही उतरंड आहे.

खान्देशातल्या माणसाला हा फरक शेतावरून चटकन कळेल. निस्टची चौकट म्हणजे माती परीक्षणाचा अहवाल : कुठे काय कमी आहे ते दाखवतो, पुढे काय करायचे ते तुम्ही ठरवायचे. आयएसओ म्हणजे सेंद्रिय शेतीचे प्रमाणपत्र : बाहेरचा माणूस येतो, नोंदवह्या बघतो, बांधावर जातो, दरवर्षी पुन्हा येतो, आणि त्याचे प्रमाणपत्र फक्त त्यावर लिहिलेल्या गट नंबरापुरते असते. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, धुळ्याच्या प्रश्नाला तीच लागू पडणार आहे.

बँक प्रमाणपत्रच का मागते?

बँकेच्या जागी उभे राहून बघा. ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या तीन दिवसांत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जोडीला स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत होते, मंजुरी खोटी यंत्रणा देत होती आणि बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत ती विचारणा पोहोचतच नव्हती. त्यातलेच जवळपास १४ कोटी दोन दिवसांनी स्विफ्टमार्गे हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. सहकारी बँकिंगमध्ये त्या घटनेची दहशत अजून आहे. रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. पुढे एप्रिल २०२३च्या निर्देशांत, आयटीचे काम बाहेर दिले तरी जबाबदारी बँकेचीच राहते, असे बजावले. मोठ्या नागरी सहकारी बँकांनाही हे निर्देश लागू केले.

म्हणून बँकेच्या आयटी अधिकाऱ्याला फायलीत लावायला असा कागद हवा असतो, जो तुम्ही स्वतः लिहिलेला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११च्या नियमांत ‘वाजवी सुरक्षा पद्धती’चे उदाहरण म्हणून आयएसओ २७००१चे नाव थेट घेतलेले आहे. त्यामुळे करार लिहिणाऱ्या वकिलाच्या बोटांवरही तेच नाव असते. निस्टची चौकट कितीही चांगली भरली, तरी ते तुमचे स्वतःबद्दलचे निवेदन ठरते. बँकेची अट त्याने भागत नाही.

अमेरिकी कंपनीचे मात्र उलट आहे. तिला प्रमाणपत्रापेक्षा तुमची सध्याची स्थिती कळायला हवी आहे. पण उत्तर देण्याआधी त्यांना एक प्रश्न अवश्य विचारा : निस्टचे नेमके कोणते प्रकाशन? निस्टची अनेक प्रकाशने आहेत. सायबर सुरक्षेची चौकट हे त्यांतले एक. ‘८००-१७१’ हे वेगळे आणि बरेच कडक, अमेरिकी सरकारची संवेदनशील माहिती हाताळणाऱ्या ठेकेदारांसाठी. लोक सर्रास दोन्हींना ‘निस्ट’ म्हणतात आणि मग महिनाभराचे काम भलत्याच कागदावर होऊन बसते.

आतली रचना कशी वेगळी आहे?

निस्टच्या चौकटीत सहा कार्ये आहेत : गव्हर्न, आयडेंटिफाय, प्रोटेक्ट, डिटेक्ट, रिस्पॉन्ड आणि रिकव्हर. सरळ सांगायचे तर कारभार कोणाकडे आहे ते ठरवा, आपल्याकडे काय काय आहे ते ओळखा, ते जपा, कोणी घुसले तर कळेल असे करा, कळल्यावर हालचाल करा आणि काम पूर्वपदावर आणा. या सहांखाली २२ प्रवर्ग आणि १०६ अपेक्षा आहेत. प्रत्येक अपेक्षा म्हणजे ‘असे झालेले असावे’ असे एक वाक्य. कसे करायचे, किती वेळा, कोणत्या कागदावर, हे ती सांगत नाही. तुम्ही दोन तक्ते भरायचे, आज आहोत कुठे आणि पोचायचे कुठे. दोन्हींतले अंतर म्हणजे तुमच्या कामांची यादी.

आयएसओ २७००१चे दोन भाग आहेत. चार ते दहा ही कलमे सक्तीची, त्यांतले एकही वगळता येत नाही. त्यांत व्याप्ती ठरवणे, जोखीम मोजणे, उद्दिष्टे, अंतर्गत तपासणी, मालकांचा आढावा आणि चुकीची दुरुस्ती असा कारभार येतो. दुसरा भाग म्हणजे परिशिष्ट ‘अ’. त्यात ९३ उपाय आहेत : ३७ संघटनेचे, ८ माणसांचे, १४ जागेचे आणि ३४ तंत्राचे. हे ९३ उपाय सरसकट लावायचे नसतात. प्रत्येकाचा विचार मात्र करायचा असतो आणि ‘लागू’ किंवा ‘लागू नाही, कारण अमुक’ असे एका कागदावर लिहायचे असते. त्याला स्टेटमेंट ऑफ अॅप्लिकेबिलिटी म्हणतात, रोजच्या बोलण्यात एसओए. उदाहरणार्थ, सॉफ्टवेअर तुम्ही बाहेरच्या कोणाकडून लिहून घेत नसाल, तर त्याबद्दलचा उपाय कारण देऊन वगळता येतो.

मुख्य फरक इथे आहे. निस्ट विचारते, काम झाले आहे का? आयएसओ विचारते, हे काम कोणी ठरवले, कशाच्या आधारावर ठरवले, झाल्याची नोंद कुठे आहे आणि चुकले तेव्हा तुम्ही काय केले? एखाद्या हुशार सिस्टिम अॅडमिनच्या जिवावर चाललेली कंपनी निस्टचा तक्ता झकास भरून देईल. तोच माणूस महिनाभर सुट्टीवर गेला तर काय, हे आयएसओच्या तपासणीत उघडे पडते.

एकच विषय दोन्हींतून बघू : बॅकअप

तुमच्यासारख्या कंपनीत बॅकअपचे चित्र साधारण असे असते. रोज रात्री डेटाबेसची प्रत निघते आणि त्याच क्लाउड खात्यात दुसऱ्या फोल्डरमध्ये पडते. आठवड्यातून एकदा ती जळगावच्या ऑफिसातल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवली जाते. विचारले की उत्तर मिळते, ‘बॅकअप रोजचा आहे साहेब, काळजी नको.’

निस्टच्या चौकटीत याची अपेक्षा PR.DS-11 या खुणेखाली आहे. तिच्यात चार गोष्टी मागितल्या आहेत : प्रती काढल्या जातात, सुरक्षित ठेवल्या जातात, सांभाळल्या जातात आणि तपासल्या जातात. आता आजचा तक्ता प्रामाणिकपणे भरा. काढतो का? होय. सुरक्षित आहेत का? सर्व्हर आणि बॅकअप एकाच खात्यात आहेत, म्हणजे त्या खात्याचा पासवर्ड ज्याच्या हाती लागेल तो दोन्ही एकाच बैठकीत पुसून टाकू शकतो. खंडणीखोर टोळ्या आधी बॅकअप शोधतात, तेव्हा हे उत्तर ‘नाही’ असेच येते. तपासल्या आहेत का? कधीतरी डेटाबेसमधला एखादा तक्ता परत आणला असेल, पण एका संस्थेचे सगळे काम कोऱ्या सर्व्हरवर उभे करून पाहिलेले नसते.

तर ते करून पाहा. एक मध्यम आकाराची पतसंस्था निवडा, तिची परवाची प्रत घ्या, नवा सर्व्हर उभा करा आणि घड्याळ लावून कामाला लागा. अशा पहिल्या चाचणीत दोन गोष्टी वारंवार सापडतात. एक, बॅकअपमध्ये डेटाबेस आहे, पण सभासदांचे फोटो, सह्यांचे नमुने आणि आधार-पॅनच्या स्कॅन प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये होत्या आणि त्या कधीच बॅकअपमध्ये आलेल्या नाहीत. दोन, संस्थेच्या संचालक मंडळाला ‘चार तासांत चालू करून देऊ’ असे सांगितलेले असते, प्रत्यक्षात प्रत उतरवण्यातच अर्धा दिवस जातो. डेटा बरोबर आला की नाही, याची खूणही सोपी आहे : परत आणलेल्या सॉफ्टवेअरमधून त्या दिवसाचे तेरीज पत्रक काढा आणि संस्थेकडे छापून ठेवलेल्या पत्रकाशी रुपया-पैशापर्यंत जुळवा. फाइल उघडली म्हणजे बॅकअप चांगला, असे नसते. जुळले म्हणजे चांगला.

मग पोचायच्या ठिकाणाचा तक्ता लिहा. बॅकअप वेगळ्या खात्यात, त्याची चावी दोनच माणसांकडे आणि ३० दिवसांपर्यंत कोणालाही, मालकालाही, पुसता येणार नाही अशा कुलपात. स्कॅन प्रतींचाही बॅकअप. दर तीन महिन्यांनी पूर्ण चाचणी. ३० दिवस किंवा तीन महिने हे आकडे निस्टने दिलेले नाहीत, आयएसओनेही नाहीत. आपली जोखीम पाहून ते तुम्हालाच ठरवायचे असतात. इथे निस्टचे काम संपते. आता तुम्हाला नेमके काय करायचे ते माहीत झाले.

आयएसओमध्ये हाच विषय परिशिष्टातल्या ८.१३ या उपायाखाली येतो, पण त्याची सुरुवात आधीच्या कलमांतून होते. जोखमीच्या वहीत एक ओळ पडते : क्लाउड खात्यात घुसखोरी होऊन डेटा आणि बॅकअप दोन्ही नष्ट होणे. तिच्यासमोर शक्यता, परिणाम आणि त्या जोखमीचा धनी, म्हणजे जबाबदार माणसाचे नाव. मग उपाय काय आणि कधीपर्यंत, ते लिहायचे. एसओएमध्ये ८.१३ समोर ‘लागू’ आणि कारण. एक पानाची कार्यपद्धती. आणि चाचणीची नोंद : तारीख, कोणती प्रत, कोणी केली, किती तास लागले, पत्रक जुळले का.

समजा चार तासांचे उद्दिष्ट होते आणि नऊ तास लागले. अनेक जण इथे घाबरून नोंदीत ‘चार तास’ लिहितात. तसे करू नका. नऊ तास हेच लिहा, कारण लिहा, दुरुस्ती लिहा आणि पुढच्या चाचणीचा निकाल खाली जोडा. उद्दिष्ट हुकणे हा तपासनिसाच्या लेखी गुन्हा नाही, हुकल्यावर काही न करणे हा आहे. उलट वर्षभराच्या सगळ्या चाचण्या एकाच शाईत, एकाच अक्षरात, बरोबर चार तासांत झालेल्या दिसल्या, तर अनुभवी तपासनीस क्लाउडच्या लॉगमधली वेळ मागतो आणि मग बोलण्यासारखे काही उरत नाही.

धुळे वगळावे का?

वगळू नका. कारण समजून घ्या, म्हणजे सल्लागाराला उत्तर देता येईल.

आयएसओत व्याप्ती तुम्ही ठरवता हे खरे आहे. एक ऑफिस, एक विभाग, एक सेवा, काहीही ठरवता येते आणि माणसे कमी धरली की तपासणीचे दिवस आणि खर्चही कमी होतो. पण कलम ४.३ म्हणते की व्याप्ती ठरवताना आतल्या कामांचे बाहेरच्यांशी असलेले सांधेही विचारात घ्यायचे. तुमची धुळ्याची चार माणसे काय करतात? बहुधा सपोर्ट. म्हणजे दिवसभर साक्री, शिरपूर, दोंडाईचाच्या पतसंस्थांच्या संगणकांवर दुरून शिरून काम. आणि छोट्या कंपन्यांत त्या दूरच्या प्रवेशाचा पासवर्ड सोयीसाठी सगळीकडे एकच ठेवलेला असतो. एखाद्या इंजिनियरने नोकरी सोडली, तरी तो पासवर्ड त्याच्या डोक्यात साठ संस्थांच्या किल्लीसारखा राहतो. तुमच्या कंपनीतली मोठी जोखीम कदाचित क्लाउड सर्व्हरवर नसून या चार टेबलांवर आहे.

धुळे वगळून मिळालेल्या प्रमाणपत्रावर व्याप्तीच्या ओळीत फक्त जळगावचा पत्ता छापला जाईल. बँकेचा जाणकार अधिकारी ती ओळ आधी वाचतो आणि विचारतो, आमचा सपोर्ट कोण करणार? तेव्हा तुम्ही धुळे म्हणालात, की प्रमाणपत्र असूनही अट पुरी झालेली नसते. म्हणून खर्च कमी करायचाच असेल तर जागा न वगळता सेवा ठरवा. व्याप्ती अशी लिहा : ‘सहकारी संस्थांसाठीच्या हिशेब सॉफ्टवेअरची निर्मिती, होस्टिंग आणि सपोर्ट, जळगाव व धुळे’. वेबसाइट बनवणे किंवा हार्डवेअर विक्री असे जोडधंदे असतील तर ते बाहेर ठेवता येतील, मात्र त्यांचा या सर्व्हरशी संबंध नसला पाहिजे.

आणि प्रमाणपत्राची वाट न बघता धुळ्याचे काम या आठवड्यात करा. प्रत्येक इंजिनियरला स्वतःचे खाते, दोन टप्प्यांचे लॉगिन, संस्थेच्या माणसाने ‘होय’ म्हटल्याशिवाय प्रवेश नाही, आणि नोकरी सोडणाऱ्याची सगळी खाती त्याच दिवशी बंद. झाले की नाही ते ओळखायचे असेल, तर गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेल्यांची पगारपत्रकातली नावे आणि आज चालू असलेल्या खात्यांची यादी शेजारी शेजारी ठेवा. एकही नाव दोन्हींकडे दिसता कामा नये.

कोणते आधी?

निस्टच्या चौकटीने सुरुवात करा आणि आयएसओने शेवट करा. कारण एवढेच, की थेट आयएसओला हात घातला की छोट्या कंपन्या टेम्प्लेटच्या मागे लागतात. सल्लागार ४० धोरणांची पेन ड्राइव्ह देतो, त्यात कंपनीचे नाव बदलले जाते आणि कधीकधी कुठल्यातरी पानावर आधीच्या ग्राहकाचे नाव तसेच राहते. निस्टच्या चौकटीत टेम्प्लेटला वाव कमी, कारण तिथे फक्त ‘आज काय आहे’ हे लिहायचे असते. छोट्या धंद्यांसाठी निस्टने एक आटोपशीर मार्गदर्शिकाही काढली आहे. ती घ्या, मालक, सॉफ्टवेअर प्रमुख आणि धुळ्याचा एक जण असे तिघे बसा आणि पहिल्या महिन्यात दोन्ही तक्ते पुरे करा. १०६च्या १०६ अपेक्षांवर घोळ घालू नका, तुमच्या सर्व्हरला, सपोर्टला आणि बॅकअपला भिडणाऱ्या आधी घ्या.

तक्त्याबरोबर चौकटीत एक ते चार असे स्तर दिले आहेत. ते परीक्षेच्या गुणांसारखे वाचू नका. २२ माणसांच्या कंपनीने चौथ्या स्तराचा हट्ट धरण्याची गरज नाही. एखादी गोष्ट ठरवून आणि नेमाने होते, इतके साधले तरी अमेरिकी कंपनीपुढे मान ताठ राहील.

भारतीय कायद्याची दोन ओझी या तक्त्यातच टाका, कारण ती निस्टही सांगणार नाही आणि आयएसओही नाही. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे यादीतल्या सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत incident@cert-in.org.in या पत्त्यावर किंवा त्यांच्या इतर मार्गांनी कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. छोट्या उद्योगांनाही यातून सूट नाही. दुसरे, वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झाले. त्यांतली सुरक्षेची कलमे जाहीर झाल्यापासून दीड वर्षाने लागू होतील आणि त्यात लॉग एक वर्ष ठेवण्याची अपेक्षा आहे. तेव्हा आजच लॉगची जागा वर्षभराच्या हिशेबाने घ्या. सहा तासांचे तर पाठ करण्यासारखे आहे : शनिवारी रात्री धुळ्याच्या मुलाला काही विचित्र दिसले, तर तो कोणाला फोन करणार आणि तो उचलला नाही तर पुढे कोणाला, हे भिंतीवर लावलेले असले पाहिजे.

पुढचे तीन महिने दुरुस्तीचे. त्याच वेळी जोखमीची वही, एसओए आणि मोजकी धोरणे तयार होत जातात, कारण लिहायला आता खरे काम हाताशी असते. तक्त्यातल्या प्रत्येक अपेक्षेसमोर आयएसओचा कोणता उपाय लागू पडतो ते लिहून ठेवा. हे जोडकाम नवे नाही. निस्टच्या २०१८च्या आवृत्तीत तर अपेक्षांसमोर तेव्हाच्या आयएसओची कलमे छापलेलीच होती.

पाचव्या महिन्यात अंतर्गत तपासणी. इथे छोट्या कंपन्यांची हमखास अडचण होते : स्वतःच्या कामाची तपासणी स्वतः करता येत नाही, आणि सर्व्हर समजणारा तर एकच माणूस असतो. वाट अशी, की सर्व्हरची तपासणी सॉफ्टवेअर प्रमुखाने करावी, सॉफ्टवेअरची सर्व्हर सांभाळणाऱ्याने, किंवा दोन दिवसांसाठी बाहेरचा जाणकार घ्यावा. मग मालकांची आढावा बैठक, तिचे इतिवृत्त आणि घेतलेले निर्णय. हे दोन्ही झाल्याशिवाय प्रमाणन संस्थेला बोलावून उपयोग नाही, ती पहिल्याच टप्प्यात परत पाठवते.

प्रमाणन संस्थेची तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिल्यात मुख्यतः कागद आणि तयारी, दुसऱ्यात प्रत्यक्ष काम. दुसऱ्या टप्प्यात ती माणसांशी बोलते, नमुने मागते आणि धुळ्यालाही येऊ शकते. प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते, पण दरवर्षी देखरेखीची तपासणी होते आणि त्यात नोंदी थांबलेल्या दिसल्या तर प्रमाणपत्र स्थगित होऊ शकते. बजेट मांडताना तीन वर्षांचा खर्च मांडा, पहिल्या वर्षाचा नव्हे.

सहा महिने हे गणित जमण्यासारखे आहे, पण रिकाम्या नोंदवह्यांनी नव्हे. दर तीन महिन्यांच्या बॅकअप चाचणीची निदान एक खरी नोंद हाती असायला हवी, तर ती चाचणी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच सुरू झाली पाहिजे.

सल्लागारांना काय विचारावे?

तीन प्रश्न विचारा. प्रमाणपत्र कोणती संस्था देणार आणि तिला कोणत्या मंडळाची मान्यता आहे? उत्तर मिळाले की त्या मंडळाच्या यादीत किंवा ‘आयएएफ सर्टसर्च’ या आंतरराष्ट्रीय नोंदणीत ते नाव स्वतः शोधा. दुसरा, सल्ला देणारे आणि प्रमाणपत्र देणारे वेगळे आहेत ना? मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थेला त्याच ग्राहकाला सल्ला विकता येत नाही. ‘सगळे एकाच छताखाली’ ही जाहिरात इथे धोक्याची खूण आहे. तिसरा, प्रमाणपत्र २०२२च्या आवृत्तीचे असेल ना? २०१३च्या आवृत्तीची प्रमाणपत्रे ३१ ऑक्टोबर २०२५नंतर ग्राह्य नाहीत. जुने टेम्प्लेट वापरणारा सल्लागार ११४ उपायांची यादी पुढे करतो, ती जुन्या आवृत्तीची.

अमेरिकी कंपनीला निस्टचे प्रमाणपत्र देण्याच्या भानगडीत पडू नका. आजचा आणि पुढचा असे दोन्ही तक्ते, मधले अंतर कधीपर्यंत भरून काढणार त्याच्या तारखा, आणि आयएसओचे काम चालू असल्याचे एक वाक्य, एवढे पाठवा. त्यात काही ठिकाणी ‘अजून नाही’ असे लिहिलेले असेल, ते खोडू नका. पुण्याच्या बँकेला मात्र प्रमाणपत्र हातात येईपर्यंत ‘आहे’ असे लिहून देऊ नका. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या ठरलेल्या तारखा द्या आणि प्रमाणपत्र अमुक तारखेपर्यंत देण्याची अट करारात घालून घ्या. बँकेने ती मुदत मानली नाही, तर सहा महिन्यांचे काम दोन महिन्यांत कोंबण्यापेक्षा हे एक काम सोडलेले बरे. घाईने घेतलेले प्रमाणपत्र पहिल्याच वार्षिक तपासणीत गेले, तर ती गोष्ट पुढच्या प्रत्येक बँकेला सांगावी लागते.